अर्ज परत आला, पण का ते कळलं नाही: निकालाचे संदेश लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अनुदानाच्या ऑनलाइन अर्जांची तपासणी करणाऱ्या प्रणाली जे बनवतात, चालवतात आणि अर्जदाराला जाणारा मजकूर मंजूर करतात, त्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यात अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवतो. त्याआधी काही वर्षं पुण्यात अशाच तपासणीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, त्यामुळे खिडकीची आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू मला माहीत आहेत. आतल्या बाजूला संगणक नियम तपासतो आणि जेसनमध्ये निकाल देतो. बाहेर केळीच्या बागेतून थेट आलेला माणूस मोबाइल पुढे करून विचारतो, "भाऊ, यामा काय लिखेल शे?" या दोन्हींच्या मधला जो मजकूर आहे, त्याबद्दल हे पत्र आहे.

एक निकाल समोर ठेवतो. ठिबक सिंचनाच्या अर्जाचा हा नमुना आहे. कुणाची ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही, पण ज्या धाटणीचे निकाल माझ्यापर्यंत येतात तशीच त्याची रचना आहे.

```json
{
  "decision": "RETURNED",
  "checks": [
    {"code": "NAME_MATCH", "result": "FAIL",
     "left": "AADHAAR", "right": "SATBARA",
     "score": 0.71, "min": 0.80},
    {"code": "WATER_SOURCE", "result": "FAIL",
     "found": null},
    {"code": "AREA", "result": "REDUCED",
     "asked_ha": 1.20, "allowed_ha": 0.81},
    {"code": "PAST_BENEFIT", "result": "NOT_RUN"}
  ],
  "resubmit_by": "2025-08-13T18:30:00Z"
}
```

आणि अर्जदार काकूंच्या मोबाइलवर गेलेला संदेश असा: "आपला अर्ज त्रुटींमुळे अमान्य करण्यात आला आहे. कारण: NAME_MATCH, WATER_SOURCE. अधिक माहितीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा."

हा संदेश कोरडा आहे ही माझी पहिली तक्रार नाही. तो चुकीचा आहे, ही आहे. निकालात RETURNED आहे, म्हणजे अर्ज दुरुस्तीसाठी परत केलेला आहे. संदेशाने तो अमान्य करून टाकला. काकू समजल्या की प्रकरण संपलं, आणि ठिबकची नळी उसनवारी करून विकत घ्यायच्या तयारीला लागल्या. निकालात चार तपासण्या आहेत, संदेशात दोनच उतरल्या. मुदत तर आलीच नाही. आता कुणी यात "आम्हांस खेद आहे" असं एक मऊ वाक्य घातलं, तरी गमावलेलं काही परत येणार नाही. उलटाही प्रकार मी पाहिला आहे. वाईट वाटू नये म्हणून "आपला अर्ज प्रक्रियेत आहे" असं लिहितात आणि माणूस महिनाभर वाट पाहत बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात आपुलकी आणि अचूकपणा यांची ओढाताण नसते. जी कारणं गाळली जातात ती नेमकी अर्जदाराच्या कामाची असतात.

म्हणून हा निकाल ओळीने वाचू या.

NAME_MATCH. संगणकाने आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव ताडून पाहिलं. साम्य 0.71 भरलं आणि 0.80 लागत होतं. हे आकडे संदेशात घालू नका. 0.71 हे कारण नाही, ते कारण मोजायचं माप आहे. काकूंना ते सांगून हातात काही पडत नाही, फक्त आपण नापास झालो असं वाटतं. खरं कारण असं आहे की दोन कागदांवर नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं आहे. आमच्याकडे हे रोजचं आहे. आधारवर "सुमनबाई", सातबाऱ्यावर "सुमन". एका ठिकाणी "भाऊ" लागलेलं, दुसरीकडे नाही. लग्नानंतरचं नाव एका कागदावर, माहेरचं दुसऱ्यावर. तेव्हा दोन्ही नावं जशीच्या तशी शेजारी दाखवा आणि कुठलं नाव कुठल्या कागदावरचं आहे ते लिहा. आजच्या निकालात मूळ नावं येतच नाहीत, फक्त गुण येतात. ती पाठवायची सोय तपासणीच्या टप्प्यावरच करावी लागेल. संदेश लिहिणाऱ्याला ती नंतर कुठूनही मिळणार नाहीत.

इथे एक सूचना आवर्जून करतो. "आपण चुकीचं नाव भरलं आहे" असं वाक्य कधीही लिहू नका. left आणि right यांतलं बरोबर कुठलं, हे त्या निकालाला ठाऊक नसतं. पुष्कळदा चूक सातबाऱ्यावर, जुन्या फेरफारातल्या लेखणीची असते. "नाव जुळत नाही" एवढं खरं आहे, तेवढंच लिहावं. पुढचा रस्ताही चूक कुठे आहे त्यावर ठरतो. आधारवर असेल तर आधार केंद्र. सातबाऱ्यावर लेखनदोष असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज. आणि जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर हा स्पेलिंगचा प्रश्नच नव्हे, तिथे वारस नोंद लागते. तिन्हींसाठी NAME_MATCH हा एकच कोड पुरत नाही. नावात थोडा फरक आहे की मुळात माणूसच वेगळा आहे, एवढं तरी कोडने वेगळं सांगायला हवं.

WATER_SOURCE. इथला null मला सगळ्यात जास्त छळतो. एका संदेशात मी स्वतः "आढळलेला जलस्रोत: null" असं छापलेलं वाचलं आहे. त्या null चे दोन अर्थ निघतात. सातबारा पाहिला आणि सिंचनाच्या साधनाचा रकाना रिकामा निघाला, हा एक. सातबारा आलाच नाही, भूमी अभिलेखाच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही, हा दुसरा. पहिल्यात अर्जदाराने धावपळ करायची आहे. दुसऱ्यात तिने काहीही करायचं नाही, तुम्ही पुन्हा तपासायचं आहे. दोघांना एकच FAIL दिला की दुसऱ्या प्रकारची बाई विनाकारण तलाठी कार्यालयात जाते, तिथे "तुमची विहीर लागलेली आहे हो" असं ऐकून परत येते आणि मग कुणावर विश्वास ठेवायचा हे तिला कळेनासं होतं.

वरच्या नमुन्यात मात्र उलगडा करता येतो. AREA मध्ये 0.81 हा आकडा आला आहे आणि तो त्याच सातबाऱ्यावरून घेतलेला आहे. म्हणजे सातबारा मिळाला होता, रकानाच रिकामा होता. मी हा तर्क करू शकतो, कारण मी असे निकाल लिहिले आहेत. पण असा तर्क केंद्रचालकाला करावा लागू नये. उत्तर न मिळाल्यास FAIL ऐवजी ERROR असा वेगळा निकाल ठेवा, आणि ERROR असलेला निकाल पुन्हा तपासून होईपर्यंत अर्जदाराकडे पाठवू नका.

AREA. काकूंनी 1.20 हेक्टर मागितलं, 0.81 धरलं गेलं. संदेशातून हे सबंध गळालं, कारण मजकुराचा साचा लिहिणाऱ्याने फक्त FAIL गोळा केले आणि REDUCED त्याच्या गाळणीतून निसटला. अर्ज अडलेला नसला तरी अनुदानाची रक्कम इथेच कमी होते. काकूंना हे विक्रेत्याला आगाऊ पैसे दिल्यानंतर कळलं असतं.

बरं, क्षेत्र कमी का झालं? याचं उत्तर निकालात नाही. सातबारा उघडून पाहिला तर 0.39 हेक्टर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन आहे आणि 1.20 मधून तो वजा केला की 0.81 उरतात. माझा अंदाज बरोबर असावा, पण संदेशात अंदाज लिहायचा नसतो. एका ठिकाणी याच जागी "अर्जदाराने क्षेत्र जास्त दाखवले" असं वाक्य पाहिलं. निकालात असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. साचा लिहिणाऱ्याने मोकळी जागा स्वतःच्या समजुतीने भरली आणि एका प्रामाणिक बाईवर खोटेपणाचा ठपका आला. निकालात कारण नसेल तर संदेशात "आकारणीचा तपशील कार्यालयाकडून कळवला जाईल" असं लिहा, आणि त्याच दिवशी नियम लिहिणाऱ्यांकडे जाऊन त्या ओळीत आधाराचा एक रकाना वाढवून घ्या, समजा `"basis": "POTKHARABA_EXCLUDED"`.

मापाचंही सांगतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, माणसं एकरात. 0.81 हेक्टर म्हणजे जवळपास दोन एकर, 1.20 म्हणजे जवळपास तीन. दोन्ही लिहा. फक्त हेक्टर लिहिलं तर समजत नाही आणि फक्त एकर लिहिलं तर कागदाशी पडताळता येत नाही.

PAST_BENEFIT, NOT_RUN. याच गटावर आधी लाभ घेतला होता का, हे तपासलंच नाही. पहिल्या काही तपासण्या अडल्या की पुढच्या करायच्या नाहीत, अशी रचना बरेचजण करतात. संगणकाचा वेळ वाचतो, माणसाचा जातो. काकू नाव दुरुस्त करणार, विहिरीची नोंद लावणार, पुन्हा अर्ज टाकणार, आणि मग कळणार की सासऱ्यांनी पाच वर्षांपूर्वी त्याच गटावर ठिबक घेतलं होतं आणि 7 वर्षांची अट आडवी येते. ही अडचण कुठल्याही दुरुस्तीने सुटणारी नाही. ती पहिल्याच दिवशी कळली असती तर फेऱ्या, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, सगळं वाचलं असतं. शक्य असेल तिथे सगळ्या तपासण्या एकदमच करा. आणि ज्या अडचणीवर इलाज नाही त्या सर्वांत आधी तपासा. तेवढं जमेपर्यंत NOT_RUN संदेशात आलाच पाहिजे. तपासलं नाही म्हणजे पास झालं, असा अर्थ वाचणारा काढतोच.

शेवटी मुदत. `2025-08-13T18:30:00Z` यातला Z म्हणजे ही वेळ यूटीसीत आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून ही खरी 14 ऑगस्टची मध्यरात्र, दिवस सुरू होतानाची. कार्यालयाने मुदत 14 ऑगस्ट अशीच भरली होती. साचा मात्र ओळीची पहिली दहा अक्षरं कापतो आणि 13 ऑगस्ट छापतो. अर्जदाराचा एक दिवस गेला. याच्या उलट चूक तर आणखी महागात पडते: पडद्यावर 14 दिसतं आणि पोर्टल 14 ऑगस्ट उजाडायच्या आधीच बंद होतं, कारण आतली तुलना त्या 00:00 वाजताच्या क्षणाशी होते. मुदत ही तारीख आहे, क्षण नाही. ती `"2025-08-14"` अशी साठवा आणि तो दिवस पूर्ण संपेपर्यंत अर्ज घ्या.

आता हाच निकाल मी काकूंना कसा लिहीन ते पाहा.

"नमस्कार. ठिबक सिंचनासाठी केलेला तुमचा अर्ज नाकारलेला नाही, दुरुस्तीसाठी परत केला आहे. 14 ऑगस्ट 2025 पर्यंत, तो दिवस धरून, दुरुस्ती करून पुन्हा पाठवता येईल. नवा अर्ज भरायची गरज नाही.

दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. पहिली: आधारवर तुमचं नाव 'सुमनबाई' आहे आणि सातबाऱ्यावर 'सुमन' आहे. दोन्हीकडे नाव सारखं लागतं. ज्या कागदावर चूक असेल तो दुरुस्त करून घ्या; आधारसाठी आधार केंद्रात आणि सातबाऱ्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागेल. दुसरी: तुमच्या सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद दिसली नाही. पाण्याची सोय असेल तर तिची नोंद लावून घ्या आणि नवा सातबारा जोडा.

एक बदल आम्ही केला आहे. तुम्ही 1.20 हेक्टर म्हणजे सुमारे तीन एकरांसाठी अर्ज केला होता. अनुदान 0.81 हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकरांसाठी धरलं आहे, कारण उरलेलं 0.39 हेक्टर सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून आहे. हे मान्य असेल तर काही करायचं नाही. मान्य नसेल तर याच मुदतीत हरकत लिहून द्या.

एक तपासणी अजून झालेली नाही. याच गटावर गेल्या 7 वर्षांत ठिबकचं अनुदान घेतलेलं असेल, तर अर्ज मंजूर होणार नाही. वरच्या कामांवर खर्च करण्याआधी घरात विचारून खात्री करून घ्या."

पोटखराब्याचं वाक्य यात मी basis रकाना मिळाला असं धरून लिहिलं आहे, आणि नावंही निकालातून आली असं धरलं आहे. ती मिळेपर्यंत ही वाक्यं अशी लिहिता येणार नाहीत. या पत्रात गोड शब्द फारसे नाहीत, हेही लक्षात घ्या. पहिल्या वाक्यात जीव भांड्यात पडतो तो "नाकारलेला नाही" मुळे. "नवा अर्ज भरायची गरज नाही" हे वाक्य कुठल्याच कोडमध्ये नाही, ते RETURNED या निकालाचा अर्थ आहे, आणि ते गाळलं की निम्मे लोक नवा अर्ज भरतात. मग एकाच गटावर दोन अर्ज, आणि त्यातून तिसरीच त्रुटी.

एवढं मोठं पत्र एसएमएसमध्ये मावत नाही, हे मला माहीत आहे. देवनागरी एसएमएसच्या एका भागात 70 अक्षरं बसतात, जोडसंदेश असेल तर प्रत्येक भागात 67. त्यात प्रत्येक काना-मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो. "क्षेत्र" हा शब्दच सात जागा खातो. पण म्हणून कारणं कापायची नसतात. एसएमएसने निकाल, कारणांची संख्या आणि मुदत एवढंच सांगावं: "अर्ज दुरुस्तीसाठी परत. त्रुटी 2, क्षेत्रात बदल 1, तपासणी बाकी 1. मुदत 14 ऑगस्ट. पूर्ण पत्र केंद्रात मिळेल." दोन भागांत हे सहज बसतं. संख्या दिल्यामुळे पूर्ण पत्रातून एखादं कारण गळलं तर मला आणि काकूंना दोघांनाही लगेच कळेल. ते पूर्ण पत्र मात्र केंद्रात छापता आलं पाहिजे आणि मोठ्याने वाचता आलं पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याला घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसासाठी हे पत्र बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी वाचतं, शाळेत जाणारी नात किंवा आमच्यासारखा केंद्रवाला. "उपरोक्त त्रुटींची पूर्तता" वाचताना ती नात अडखळते. "दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत" वाचताना अडखळत नाही.

कारण गळलं की नाही हे ओळखायचं कसं? माझी पद्धत सांगतो. तयार झालेलं पत्र अशा सहकाऱ्याला द्या ज्याने निकाल पाहिलेला नाही. त्याने नुसत्या पत्रावरून कागदावर लिहायचं: एकूण निकाल काय, कुठल्या तपासण्या अडल्या, काय कमी झालं, काय तपासायचं राहिलं, मुदत कधीची. मग तो कागद मूळ जेसनशेजारी ठेवा. जेसनमधलं काही कागदावर नसेल तर पत्र अपुरं आहे. कागदावर काही जास्तीचं असेल तर पत्राने मनाने काहीतरी घुसवलं आहे, आणि ते जास्त वाईट. प्रत्येक अर्जाला हे शक्य नाही, पण प्रत्येक कोडच्या साच्याला एकदा आणि नियम बदलला की पुन्हा, एवढं शक्य आहे.

रोजच्या अर्जांसाठी संगणकानेच एक राखण करावी: PASS नसलेल्या प्रत्येक तपासणीला पत्रात एक वाक्य मिळालंच पाहिजे. नियम लिहिणारा गट नवा कोड घालतो, साचा लिहिणाऱ्याला कुणी सांगत नाही, आणि साचा ओळखीचे कोड घेऊन बाकीचे मुकाट्याने सोडून देतो. वरच्या REDUCED चं तेच झालं. अनोळखी कोड दिसला की ते पत्र थांबवा आणि माणसाकडे पाठवा. एक दिवस उशिरा आलेलं पूर्ण पत्र अर्जदाराला परवडतं.

माझ्या मागण्या या अशा आहेत. सगळ्यांत आधी मुदतीची तारीख दुरुस्त करा, कारण ती आजही कुणाचातरी दिवस खाते आहे आणि ते काम एका दुपारचं आहे. त्यानंतर ERROR आणि FAIL वेगळे करा. बाकीच्याला वेळ लागेल हे मी जाणतो. दरम्यान तुमच्या सगळ्या कोडांची यादी, प्रत्येकाचा अर्थ आणि उपाय मराठीत लिहून, सर्व केंद्रांना द्या. पत्रं सुधारेपर्यंत आम्ही ती यादी समोर ठेवून लोकांना समजावून सांगू. साच्यांचा मराठी मजकूर तपासायला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे, आणि केळीची काढणी आटोपली की आणखी चार-पाच केंद्रचालकही येतील.

आपला,
एक केंद्रचालक
यावल तालुका, जि. जळगाव